रांग लागण्याआधीच बंद झालेली खिडकी

ठेव बुडते कशी, हे खानदेशातल्या ठेवीदाराला कोणी शिकवायला नको. पतसंस्था अवसायनात निघाल्या तेव्हा जळगाव-भुसावळपासून शहाद्यापर्यंत घराघरांतल्या कपाटांत ठेवपावत्या पडून राहिल्या. काहींनी त्या वर्षानुवर्षे जपल्या. काहींनी पडत्या भावात कर्जदाराला विकल्या आणि कर्जदाराने त्या आपल्या कर्जात वळत्या करून घेतल्या. व्यवहार लुबाडणुकीचाच होता. पण पावतीला काही ना काही भाव होता, कारण पावतीमागे येणे शिल्लक होते. त्या दिवसांपासून इकडे एक समजूत घट्ट बसली आहे: पतसंस्था नको, बँकेचा कागद असला की झोप लागते.

बँकेच्याच नावाचा, बँकेच्याच टेबलावर विकलेला एक कागद मात्र असा आहे की तो बुडाला की पावतीही उरत नाही. कर्जात वळता करायला, पडत्या भावात विकायला, अवसायकाकडे दावा लावायला, काहीच राहत नाही. या कागदाला परपेच्युअल बाँड म्हणतात, बँकेच्या भाषेत एटी-वन, म्हणजे ॲडिशनल टियर वन. त्याच्या एक पायरी वर टियर टू नावाचा सबऑर्डिनेटेड, म्हणजे दुय्यम हक्काचा बाँड असतो. १४ मार्च २०२० रोजी येस बँकेने आपले ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-वन बाँड कायमचे राइट-ऑफ केले. त्या व्यवहाराचे कलम न् कलम समजून घेतले तर कोणत्याही बँकेचा असा कागद हातात आल्यावर काय पाहायचे ते कळते. नियमांत काय बदलायला हवे, तेही तिथेच दिसते.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. वर्तमानपत्रात ‘बँकांनी इतक्या कोटींची कर्जे राइट-ऑफ केली’ असे येते, तेव्हा कर्जदार सुटलेला नसतो. बँकेने ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढलेले असते, पण वसुलीचा हक्क कायम राहतो. बाँडच्या बाबतीत तोच शब्द नेमका उलट चालतो. इथे देणेकरी बँक आहे, आणि राइट-ऑफ झाला की तिचे देणेच संपते. कर्ज राइट-ऑफ झाले तरी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहतो आणि बाँड राइट-ऑफ झाला की बँकेच्या डोक्यावरचा बोजा पुसला जातो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शाखेतल्या विक्रेत्यालाही अनेकदा ठाऊक नसतात.

आता हा बाँड मुळात असा का, ते पाहू. २००८ च्या जागतिक संकटात बँका वाचवायला सरकारांना करदात्यांचा पैसा ओतावा लागला. त्यानंतर बँकांच्या भांडवलाचे बाझल-तीन हे आंतरराष्ट्रीय नियम आले. भागधारकांच्या भांडवलाखाली आणखी एक थर असावा, बँक जगवायची वेळ आली तर तोटा त्या थराने सोसावा, म्हणजे ठेवीदाराला आणि सरकारला झळ लागणार नाही, अशी कल्पना होती. रिझर्व्ह बँकेने हे नियम भारतात लागू केले. त्यांतून एटी-वनचे चार गुण ठरले. मुदत नाही. पाच वर्षांनंतर बँक परतफेड करू शकते, पण तो हक्क बँकेचा, धारकाचा नव्हे, आणि त्यालाही रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. व्याज देणे-न देणे बँकेच्या मर्जीवर असते आणि एखाद्या वर्षी बुडालेले व्याज पुढच्या वर्षी मागता येत नाही. चौथा गुण राइट-ऑफचा. बँकेचे मूळ भागभांडवल, ज्याला सीईटी-वन म्हणतात, ते जोखीम-भारित मालमत्तेच्या, म्हणजे जोखमीनुसार वजन देऊन मोजलेल्या कर्जांच्या आणि गुंतवणुकींच्या, ६.१२५ टक्क्यांखाली गेले किंवा बँक आता स्वबळावर टिकणार नाही असे रिझर्व्ह बँकेने ठरवले, की मुद्दल पुसता येते. येस बँकेच्या वेळी पहिली रेषा ५.५ टक्क्यांवर होती. टियर टूला मुदत असते आणि व्याजही ठरल्याप्रमाणे द्यावे लागते. त्याला पहिली रेषा लागू नाही, पण दुसरी लागू आहे.

म्हणजे हा बाँड ठेवीसारखा कुठेच नाही. त्याला ठेव विम्याचे ५ लाखांचे कवच नाही, तारण नाही, परतफेडीची तारीखही नाही. व्याजदर तेवढा ठेवीच्या शेजारी लिहिता येतो, आणि विक्री नेमकी तिथूनच सुरू होते.

येस बँकेचे दोन कर्जरोखे इथे महत्त्वाचे. डिसेंबर २०१६ मध्ये ३,००० कोटींचा, व्याज ९.५० टक्के. ऑक्टोबर २०१७ मध्ये ५,४१५ कोटींचा, व्याज ९ टक्के. एका बाँडची दर्शनी किंमत १० लाख रुपये. दोन्ही खासगी रीतीने संस्थांना विकले गेले होते. त्यामुळे हे फक्त म्युच्युअल फंडांचे आणि मोठ्या कंपन्यांचे दुखणे आहे असे वरवर वाटते. पण सेबीने एप्रिल २०२१ च्या आदेशात नोंदवले की बँकेच्या संपत्ती-व्यवस्थापन विभागाने हेच बाँड दुय्यम बाजारातून व्यक्तींना विकायला लावले. १,३४६ व्यक्तींनी सुमारे ६७९ कोटी गुंतवले. त्यांतले १,३११ जण बँकेचेच ग्राहक होते. २७७ जणांनी मुदतीआधी एफडी मोडून सुमारे ८० कोटी रुपये यात घातले. ‘सुपर एफडी’ अशा शब्दांत हा माल पुढे केला गेल्याचेही त्या आदेशात आहे. सेबीने बँकेला २५ कोटींचा दंड केला. बँकेने अपील केले आणि रोखे अपील न्यायाधिकरणाने त्या आदेशाला स्थगिती दिली, हेही सांगितले पाहिजे.

आता मार्च २०२० चे दहा दिवस. ५ मार्चला संध्याकाळी बँकेवर स्थगिती आली. खात्यातून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येईना. संचालक मंडळ बाजूला सारून स्टेट बँकेचे माजी वित्तप्रमुख प्रशांत कुमार यांना प्रशासक नेमले. ६ मार्चला रिझर्व्ह बँकेने पुनर्रचना योजनेचा मसुदा जाहीर केला. त्यात एक ओळ होती: एटी-वन बाँड पूर्णपणे आणि कायमचे राइट-ऑफ होतील. १३ मार्चला केंद्र सरकारने अंतिम योजना अधिसूचित केली, आणि तिच्यात ती ओळ नव्हती. तरीही १४ मार्चला प्रशासकांच्या अधिकारात बँकेने शेअर बाजाराला कळवले की ८,४१५ कोटींचे बाँड राइट-ऑफ झाले आहेत. त्याच दिवशी, आधीच लांबवलेले डिसेंबर तिमाहीचे निकालही बाहेर आले: तोटा १८,५६४ कोटी, सीईटी-वन ०.६ टक्के. १८ मार्चला स्थगिती उठली. ठेवीदारांचा पैसा न् पैसा शाबूत राहिला. टियर टू बाँडलाही हात लागला नाही.

या दहा दिवसांत शेअरधारकांचे काय झाले? खरी अडचण तिथे आहे. स्टेट बँक आणि इतर बँकांनी १० रुपये दराने नवे शेअर घेतले, त्यामुळे जुन्या भागधारकांचा हिस्सा पातळ झाला. शंभरपेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षे गोठवले गेले. पण ते पुसले गेले नाहीत. बँक सावरली तशी त्यांच्या हाती काही तरी उरले. बाँडधारकाच्या हाती शून्य उरले.

बाँड घेणाऱ्याला सांगितले जाते, आणि ते खोटेही नसते, की बँक बुडाली तर आधी ठेवीदार, मग सर्वसाधारण घेणेकरी, मग टियर टू, मग एटी-वन आणि शेवटी शेअरधारक अशी रांग लागते. म्हणजे आपण शेअरवाल्याच्या पुढे. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर टोकनचा नंबर असावा तसा हा नंबर वाटतो: उशीर झाला तरी मागच्याच्या आधी आपली गाडी रिकामी होईल. पण हा नंबर फक्त बँक अवसायनात गेली तरच चालतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की बाँड राइट-ऑफ झाल्यानंतर बँक अवसायनात गेली तर अवसायनाच्या रकमेवर बाँडधारकाचा कोणताही दावा राहत नाही. आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली पुनर्रचना करायची ठरली की ती बँक टिकाऊ नाही असे मानून, पुनर्रचनेच्या आधीच बाँड राइट-ऑफ करायचे आहेत. म्हणजे हा बाँड बनलाच रांग लागू नये यासाठी. रांग लागायच्या आत खिडकी बंद होते, आणि टोकन कितव्या नंबरचे होते याला अर्थ उरत नाही. आपल्याकडे मोठ्या बँका अवसायनात जाऊ देत नाहीत, त्यांचे विलीनीकरण किंवा पुनर्रचना होते. त्यामुळे ज्या प्रसंगासाठी रांग सांगितली जाते तो प्रसंग जवळजवळ येतच नाही, आणि जो प्रसंग येतो त्यात रांग नसते.

एक हिशेब मांडू. भुसावळच्या एका रेल्वे निवृत्ताने, समजा, ऑक्टोबर २०१७ मध्ये २० लाखांची एफडी मोडून ९ टक्क्यांचे दोन बाँड घेतले. एफडीवर ७ टक्के मिळाले असते असे धरू. बाँडचे वर्षाचे व्याज १,८०,०००, एफडीचे १,४०,०००. फरक ४०,०००. ऑक्टोबर २०१८ आणि ऑक्टोबर २०१९ अशी दोन वर्षांची व्याजे मिळाली, म्हणजे एफडीपेक्षा जास्तीची कमाई ८०,०००. त्यानंतरच्या पाच महिन्यांचे सुमारे ७५,००० व्याज साचले होते, तेही बाँडबरोबर गेले. मुद्दल २० लाख गेले ते वेगळे. जास्तीच्या दोन टक्क्यांतून २० लाख भरून यायला पन्नास वर्षे लागली असती. दोन टक्के हा या जोखमीचा भाव होता आणि तो भाव कोणी तोंडाने सांगितला नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर हीच रक्कम बँकेच्या नफ्यात दिसते. जानेवारी ते मार्च २०२० या तिमाहीत येस बँकेने २,६०० कोटींहून थोडा अधिक नफा दाखवला. त्यात ६,२९७ कोटींची एक अपवादात्मक बाब होती: ८,४१५ कोटींच्या राइट-ऑफमधून कर वजा जाता उरलेली रक्कम. ती काढली तर नफ्याच्या जागी तोटा होता. कोणाचे देणे पुसले जाऊन हा नफा आला, हे ताळेबंद वाचणाऱ्याला एका ओळीत कळते.

बाजू बँकेची आणि रिझर्व्ह बँकेचीही आहे, आणि ती कमकुवत नाही. सीईटी-वन ०.६ टक्क्यांवर आल्यावर, बाँड पुसायची वेळ आलीच नव्हती असे म्हणणे कठीण आहे, कारण दोन्ही रेषा केव्हाच ओलांडल्या होत्या. ८,४१५ कोटींचे हे देणे तसेच ठेवले असते तर स्टेट बँकेला तेवढे जास्त ओतावे लागले असते, म्हणजे शेवटी ते कोणाच्या तरी करातून किंवा कोणाच्या तरी ठेवीतून आले असते. शिवाय ज्यांनी हे बाँड मोठ्या प्रमाणावर घेतले ते म्युच्युअल फंड आणि वित्तसंस्था होत्या. त्यांच्याकडे माहितीपत्रक वाचायला माणसे असतात. त्यांनी ९ टक्के घेतले ते याच जोखमीपोटी, आणि त्यांच्याबद्दल मला फारसे वाईट वाटत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्याने किंवा शिरपूरच्या निवृत्त शिक्षकाने बँकेत ठेवलेली ठेव सुरक्षित राहायची असेल तर मध्ये कोणीतरी तोटा सोसणारा असावाच लागतो.

म्हणून बाँड बंद करा, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे: बाँडधारकाचा तोटा भागधारकाच्या आधी येऊ नये, आणि हा कागद ठेवीच्या टेबलावर विकला जाऊ नये.

पहिली गोष्ट कोर्टातही गेली. २० जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राइट-ऑफ रद्द केला. न्यायालयाचा मुद्दा मुख्यतः अधिकाराचा होता: अंतिम योजनेत राइट-ऑफचे कलम नव्हते आणि प्रशासकांना तो निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता. न्यायालयाने आपलाच आदेश सहा आठवडे रोखून धरला, आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. या निकालाचा कणा कार्यपद्धतीचा आहे, हे लक्षात घ्यावे. बाँड पुसता येतच नाही, असे तो म्हणत नाही. त्यामुळे पुढच्या बँकेच्या वेळी अधिसूचनेत एक ओळ नीट घातली की हा बचाव संपतो. धारकाने त्यावर विसंबू नये.

त्याच मार्चमध्ये झुरिकला जवळपास असेच घडले. १९ मार्च २०२३ रोजी क्रेडिट स्विस या स्विस बँकेचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी-वन शून्य केले गेले आणि भागधारकांना ती बँक विकत घेणाऱ्या यूबीएसकडून ३ अब्ज फ्रँक मिळाले. दुसऱ्याच दिवशी युरोपीय संघाच्या बँक नियामकांनी पत्रक काढून सांगितले की आमच्याकडे आधी भागभांडवल तोटा सोसते, ते पुरते वापरून झाल्यावरच एटी-वनची पाळी येते. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने त्या राइट-ऑफचा आदेश बेकायदा ठरवला. रिझर्व्ह बँकेला युरोपीय नियामकांसारखे पत्रक काढता येईल, पण पत्रकापेक्षा नियमात एक कलम हवे: एटी-वन पूर्ण पुसायचा असेल तर त्याच आदेशाने जुन्या भागधारकांचे भागही तितकेच कापले जावेत. आणि भाग पूर्ण कापायचे नसतील, बँक चालू ठेवायची असेल, तर पुसलेल्या बाँडच्या बदल्यात धारकाला नव्या बँकेचे काही शेअर मिळावेत. बँक सावरल्याचा फायदा ज्याने तोटा सोसला त्याला थोडा तरी पोहोचावा. यातून बँकेच्या वाचवणुकीला एक रुपयाही कमी पडत नाही, कारण शेअर देणे म्हणजे रोख देणे नव्हे.

हे अवास्तव नाही, याचा दाखला आपल्याच देशात आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. ३१८.२० कोटींचे टियर टू बाँड पूर्ण राइट-ऑफ झाले. पण तिथे भागभांडवलही पूर्ण पुसले गेले. कोणालाच काही मिळाले नाही, आणि निदान क्रम तरी उलटा झाला नाही. त्या बाँडधारकांचा धडा मात्र वेगळा आहे. येस बँकेत टियर टू वाचले होते. त्यामुळे ‘परपेच्युअल धोक्याचा, टियर टू ठीक’ अशी समजूत आठ महिन्यांत पसरली आणि तेवढ्यातच खोटी ठरली. मुदत आहे, व्याज बंधनकारक आहे, तरी रिझर्व्ह बँकेने बँक टिकाऊ नाही म्हटले की टियर टूही शून्य होऊ शकतो.

दुसऱ्या गोष्टीत, विक्रीच्या टेबलाबाबत, काही काम झाले आहे. ऑक्टोबर २०२० पासून सेबीच्या नियमाने एटी-वन नव्याने काढताना तो फक्त पात्र संस्थात्मक गुंतवणूकदारांनाच विकता येतो, आणि वाटप व व्यवहार किमान १ कोटीच्या पटीतच होतो. मार्च २०२१ मध्ये म्युच्युअल फंडांनाही मर्यादा घातली: अशा बाँडमध्ये योजनेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, एकाच बँकेच्या बाँडमध्ये ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. हे चांगलेच झाले. तरी तीन दारे उघडी आहेत आणि खानदेशात ती तिन्ही दिसतात.

पहिले दार कर्जरोखे फंडांचे. जळगावात एजंटाकडून ‘बँकिंग अँड पीएसयू’ किंवा तत्सम फंड घेणारा आपण एटी-वन घेतला असे कधीच समजत नाही. फंडाच्या महिन्याच्या फॅक्टशीटमधील यादीत ते दिसते. दुसरे दार टियर टूचे. १ कोटीची अट त्याला नाही, आणि ऑनलाइन बाँड विकणाऱ्या ॲपवर तो ‘बँकेचा बाँड’ म्हणून ठेवीच्या व्याजदराच्या शेजारी दिसतो. दोन्ही ठिकाणी ओळखायची रीत एकच: रोख्याच्या पूर्ण नावात किंवा डीमॅट स्टेटमेंटमध्ये `PERPETUAL`, `AT1`, `TIER II`, `SUBORDINATED` किंवा `BASEL III` यांपैकी काही आहे का ते बघणे. असेल तर माहितीपत्रकात राइट-ऑफचे कलम शोधून वाचणे. बँकेच्या साध्या बाँडपेक्षा त्याच बँकेच्या या बाँडचे पतमानांकन खाली असेल तर मानांकन संस्थेने तुम्हाला सांगूनच ठेवले आहे की हे दोन कागद सारखे नाहीत. नंतर दर तिमाहीच्या निकालात सीईटी-वन पाहावा. किमान गरज आणि राखीव थर धरून तो ८ टक्के लागतो. तो त्याखाली आला की एटी-वनच्या व्याजावर बंधने येऊ लागतात. आणि निकालाची तारीखच पुढे ढकलली गेली, तर आकडा येण्याची वाट पाहू नये. येस बँकेने डिसेंबर तिमाहीचे निकाल लांबवले होते. ते बाहेर आले त्याच दिवशी बाँड पुसले गेले होते, म्हणजे आकडा पाहून विकायला वेळच मिळाला नाही.

तिसऱ्या दाराबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण ते आपल्याच गल्लीत आहे. नागरी सहकारी बँकांना भांडवल उभारायला रिझर्व्ह बँकेने काही साधने दिली आहेत. त्यात दीर्घ मुदतीच्या दुय्यम ठेवी आहेत आणि परपेच्युअल प्राधान्य भागही आहेत. यातल्या दुय्यम ठेवीला ‘ठेव’ असेच म्हणतात. तिच्यावर नेहमीच्या ठेवीपेक्षा अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळू शकते. येस बँकेसारखा राइट-ऑफ तिला लागू नाही. पण ती सामान्य ठेवीदारांच्या मागे उभी असते, आणि ५ लाखांच्या ठेव विम्यात येत नाही. बँक अवसायनात गेली तर शेजारच्या ठेवीदाराला विम्यातून ५ लाखांपर्यंत मिळतील आणि तिच्या धारकाला रांगेत उभे राहावे लागेल. इथे निदान रांग तरी आहे, पण तिची पावती नेहमीच्या ठेवपावतीसारखीच दिसली तर धुळ्याच्या किंवा चोपड्याच्या सभासदाने फरक ओळखायचा कसा?

याला खर्च नसलेला उपाय आहे. अशा प्रत्येक साधनाचा अर्ज आणि पावती वेगळ्या रंगाच्या कागदावर छापावी. वरच्या बाजूला, सहीच्या जागेपेक्षा मोठ्या अक्षरात, मराठीत तीन वाक्ये असावीत: ही विम्यात येत नाही. बँक अडचणीत आली तर इतर ठेवीदारांचे देणे फिटल्यावरच तुमचा नंबर लागेल. मुदतीआधी पैसे परत मागता येणार नाहीत. बाँडच्या अर्जावर दुसऱ्या वाक्याच्या जागी ‘बँक टिकाऊ नाही असे ठरले तर तुमची सगळी रक्कम शून्य केली जाऊ शकते आणि त्यानंतर तुमचा कोणताही दावा राहणार नाही’ असे लिहावे. त्याखाली ग्राहकाने स्वतःच्या हस्ताक्षरात ते वाक्य पुन्हा लिहून सही करावी. आज जो कागद सहीसाठी पुढे सरकवला जातो त्यात हे सगळे असतेच, पण इंग्रजीत आणि मागच्या पानांवर. मोठ्या बँकेच्या व्यवस्थापकाला किंवा सहकारी बँकेच्या संचालकाला असे वाक्य छापून माल विकता येणार नाही असे वाटत असेल, तर तो माल त्या टेबलावर विकायचाच नव्हता.